एस्प्रेसोचे दळण: सकाळी जुळवायचे, दिवसभर सांभाळायचे

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीच्या दाबून बसवलेल्या थरातून गरम पाणी जोराने ढकलून काढलेला दाट अर्क. हा थर जेमतेम एक-दीड सेंटिमीटर जाडीचा असतो. पाण्याचे तापमान साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअस असते, दाब ९ बारच्या आसपास, आणि सगळे काम अर्ध्या मिनिटात उरकते. इतक्या थोड्या वेळात इतक्या पातळ थरातून चव काढायची असल्यामुळे दळणातला डोळ्यांना न दिसणारा फरकही कपात उतरतो. दळण जरा जाड झाले तर पाणी भरकन निघून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. जरा बारीक झाले तर पाणी अडून राहते आणि कॉफी कडू, तुरट होते. या दोन टोकांमधली योग्य जागा शोधण्याला कॅफेत ‘डायल इन करणे’ म्हणतात. ही जागा रोज सकाळी नव्याने शोधावी लागते. पुन्हा, सकाळी सापडलेली जागा दुपारपर्यंत टिकेल याचाही भरवसा नसतो.

ही अडचण एस्प्रेसोच्या दाबातूनच आली आहे. इटलीत मिलानच्या अकिले गाज्जिया यांनी १९४८ च्या सुमारास दांडा आणि स्प्रिंगच्या जोरावर चालणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हा वाफेच्या जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त दाबाने कॉफी निघू लागली आणि कपावर क्रेमाचा सोनेरी थर दिसू लागला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई६१’ या यंत्राने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला, त्यामुळे दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवता येऊ लागला. आज कॅफेतल्या यंत्राचा दाब आणि तापमान बहुधा ठरलेले असते. बरिस्ताच्या हातात रोज बदलण्याजोगी मुख्य गोष्ट उरते ती दळण. म्हणून नव्या माणसाचे शिक्षण एस्प्रेसो यंत्रापेक्षा ग्राइंडरभोवतीच जास्त फिरते.

तीन आकडे

शिकाऊ बरिस्ताला आधी तीन आकडे समजावे लागतात. पहिला डोस, म्हणजे पोर्टाफिल्टरच्या बास्केटमध्ये किती ग्रॅम कोरडी कॉफी पडली. दुसरा यील्ड, म्हणजे कपात किती ग्रॅम अर्क उतरला. तिसरा वेळ, म्हणजे त्याला किती सेकंद लागले. बऱ्याच कॅफेंत सुरुवातीचे माप १८ ग्रॅमला ३६ ग्रॅम, म्हणजे एकास दोन, आणि २५ ते ३० सेकंद असे धरतात. हे माप म्हणजे शोधाला कुठून सुरुवात करायची याची खूण, एवढेच. कॉफी हलकी भाजलेली असेल तर यील्ड वाढवून ४० ग्रॅमपर्यंत नेले जाते. गडद भाजलेली असेल तर थोडे कमी ठेवले जाते, कारण गडद भाजलेल्या कॉफीतले कडू घटक लवकर सुटतात.

या तिघांचे नाते नीट कळल्याशिवाय पुढचे काहीच जमत नाही. डोस माणूस ठरवतो आणि वजनकाट्यावर पक्का करतो. यील्डही माणूसच ठरवतो, कारण कपाखालच्या काट्यावर आकडा आला की तो यंत्र थांबवतो. वेळ मात्र कोणी ठरवत नाही. ठरलेला डोस आणि ठरलेला यील्ड यांच्यामध्ये दळणाने पाण्याला किती अडवले, ते वेळ सांगते. नवे लोक बहुतेकदा इथेच चुकतात. शॉट २० सेकंदांतच ३६ ग्रॅमवर पोहोचला तर ते यंत्र आणखी आठ सेकंद चालू ठेवतात, ‘अठ्ठावीस सेकंद झाले’ म्हणून समाधान मानतात, आणि कपात ५० ग्रॅम पातळ कॉफी असते. नियम असा की थांबायचे वजनावर आणि वेळ फक्त वाचायची. वेळ पसंत पडली नाही तर दुरुस्ती पुढच्या शॉटला, ग्राइंडरवर करायची.

दोन बारीक गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवून द्याव्या लागतात. घड्याळ पंप सुरू झाल्यापासून मोजायचे की कपात पहिला थेंब पडल्यापासून, हे कॅफेत सगळ्यांसाठी एकच असले पाहिजे. या दोन पद्धतींत पाच-सात सेकंदांचा फरक पडतो आणि दोन पाळ्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. दुसरे, यंत्र बंद केल्यावरही थोडी कॉफी ठिबकत राहते. म्हणून ३६ ग्रॅम हवे असतील तर ३३-३४ वर थांबवावे लागते. किती आधी थांबवायचे याचा अंदाज त्या यंत्रावर चार-पाच शॉट काढले की बसतो.

आधी हात, मग ग्राइंडर

शिकवताना ग्राइंडरचा कॉलर पहिल्या एक-दोन दिवसांत शिकाऊच्या हाती न देणेच बरे. अनुभवी बरिस्ताने दळण जुळवून ठेवावे आणि नव्याने त्याच दळणावर एकामागून एक शॉट काढावेत. त्याच्या तीन शॉटना २७, २८ आणि २७ सेकंद लागले, तर त्याचा हात स्थिर आहे. २२, ३१, २६ असे आकडे आले, तर दोष दळणात नसून बास्केट भरण्याच्या आणि दाबण्याच्या पद्धतीत आहे. अशा हाताने दळण जुळवायला घेतले, तर प्रत्येक बदल उत्तर देण्याऐवजी नवा गोंधळ वाढवतो. शॉट जलद गेला तो दळण जाड असल्यामुळे की टॅम्प तिरका पडल्यामुळे, हे सांगता येत नाही.

हात स्थिर करण्याचे टप्पे ठरलेले आहेत. बास्केट कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची, कारण ओल्या बास्केटच्या कडेने पाण्याला सोपी वाट मिळते. डोस ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजायचा. ढीग बोटाने, डिस्ट्रिब्युटरने किंवा बारीक तारांच्या हत्याराने सारखा पसरायचा आणि गुठळ्या मोडायच्या. मग टॅम्पर अगदी आडवा ठेवून कॉफी दबायची थांबेपर्यंत दाबायचे. जोर किती लावायचा याची नव्या लोकांना फार काळजी असते. प्रत्यक्षात कॉफी पुरती दबली की आणखी जोर लावून वेळेत फारसा फरक पडत नाही, टॅम्प तिरका गेला की मात्र पडतो. पोर्टाफिल्टर बसवण्याआधी ग्रुप हेडमधून दोन-तीन सेकंद पाणी सोडायचे. त्याने जाळीला चिकटलेली जुनी कॉफी धुऊन जाते आणि बराच वेळ साचलेले जास्त तापलेले पाणी निघून जाते. पोर्टाफिल्टर बसवला की पंप लगेच सुरू करायचा, नाहीतर तापलेल्या ग्रुपखाली कॉफीचा वरचा थर करपू लागतो.

हाताचा दोष आणि दळणाचा दोष वेगळा ओळखायची एक चांगली जागा म्हणजे तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर. त्यात बास्केटची खालची जाळी दिसते. कॉफी सारखी बसली असेल तर जाळीभर तपकिरी थेंब जवळजवळ एकाच वेळी उमटतात आणि मध्यभागी येऊन त्यांची एकच धार होते. एका बाजूने आधीच फिकी धार सुटली किंवा बारीक फवारा उडाला, तर पाण्याने थरातून चोरवाट काढली आहे. याला चॅनेलिंग म्हणतात. या वाटेवरची कॉफी गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि बाकीची अर्धवट राहते, म्हणून कप एकाच वेळी आंबटही लागतो आणि तुरटही. अशा कपाला दळण बदलणे हा इलाज नाही. उलट दळण फार बारीक केले की पाण्याला सरळ वाट मिळत नाही आणि चोरवाटा आणखी वाढतात.

जिभेची ओळख

आकडे पाहायला कोणीही लवकर शिकतो, चव ओळखायला वेळ लागतो. त्यासाठी उपयोगी पडणारा प्रयोग असा: एकच शॉट काढताना धारेखाली ओळीने तीन लहान कप फिरवायचे आणि प्रत्येकात साधारण सारखा अर्क घ्यायचा. पहिला कप दाट, खारट-आंबट आणि अंगावर येणारा लागतो. दुसरा गोडसर आणि सौम्य असतो. तिसरा पातळ, कडवट आणि जीभ कोरडी करणारा असतो. कॉफीतली आम्ले आणि क्षार आधी सुटतात, गोडवा त्यांच्या मागोमाग येतो आणि कडू-तुरट घटक शेवटी. चहा जास्त उकळला की तो तुरट होतो, त्याचे कारणही असेच. तिन्ही कप एकत्र करून चाखले की पूर्ण शॉटची चव मिळते. मग शॉट लवकर संपला तर आंबट का होतो आणि उशिरा संपला तर तुरट का, हे शिकाऊला पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयोग मुद्दाम बिघडवण्याचा. त्याच कॉफीचा एक शॉट जाड दळणावर १८ सेकंदांचा आणि एक बारीक दळणावर ४० सेकंदांचा काढायचा, मध्ये २८ सेकंदांचा ठेवायचा, आणि तिन्ही शेजारी ठेवून चाखायचे. नवे लोक ‘आंबट’ आणि ‘कडू’ या दोन शब्दांत नेहमी गल्लत करतात, कारण दोन्ही चवींना चेहरा सारखाच वाकडा होतो. त्यांना जागा दाखवून द्यावी लागते. आंबटपणा जिभेच्या कडांना टोचतो आणि तोंडाला पाणी सुटते. कडूपणा गिळल्यानंतर घशाकडे मागे रेंगाळतो. तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त. कच्चे केळे खाल्ल्यासारखे तोंड आक्रसते. चाखताना कॉफी आधी ढवळायची, कारण कपाच्या तळाशी दाट आणि वर पातळ भाग राहतो. एक-एक घोट घ्यायचा, मध्ये पाणी प्यायचे आणि बहुतेक घोट थुंकून टाकायचे. सकाळी सात-आठ दुहेरी शॉट पोटात गेले तर हातही थरथरतो आणि जीभही बोथट होते.

भारतातल्या कॅफेंत याला आणखी एक टप्पा जोडावा लागतो. इथली बहुतेक मागणी कॅपुचिनो आणि लाटेची, म्हणजे दुधातल्या कॉफीची असते. नुसत्या शॉटमध्ये चमकदार वाटणारा आंबटपणा दुधात गेला की फिका किंवा फाटल्यासारखा लागू शकतो, आणि थोडा कडू वाटलेला शॉट दुधात चांगला उठून दिसतो. म्हणून दळण जुळल्यावर एक छोटा कॅपुचिनो करून चाखणे हा डायल इनचाच भाग धरला जातो.

एक सकाळ, शॉटमागून शॉट

आता एक सकाळ क्रमाने पाहू. कॅफे पुण्यातला, पावसाळ्यातला. कॉफी चिकमगळूरची, मध्यम भाजलेली अरेबिका, भाजून दहा दिवस झालेली. ताजी भाजलेली कॉफी लगेच वापरत नाहीत, कारण तिच्यात भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. तो पाण्याला अडवतो, शॉट वेडावाकडा जातो आणि क्रेमा फुगलेला पण चव आंबट येते. आठवडा-दहा दिवसांत हा वायू बराच निघून जातो. आदल्या रात्रीच्या नोंदीत १८ ग्रॅमला ३८ ग्रॅम, २९ सेकंद असे लिहिले आहे.

यंत्र निदान अर्धा तास आधी चालू केलेले असते आणि पोर्टाफिल्टर ग्रुपलाच लावून ठेवलेले असतात, म्हणजे तेही तापतात. ग्राइंडरच्या नळीत रात्रीची काही ग्रॅम शिळी कॉफी अडकलेली असते. ती दळून टाकून द्यायची, याला पर्ज करणे म्हणतात. पहिला शॉट जुन्या मापाने काढून फेकून दिला जातो. त्याने बास्केट आणि ग्रुप तापतात आणि त्याच्या चवीवरून काही ठरवायचे नसते.

दुसरा शॉट: १८ ग्रॅम, ३८ ग्रॅम, २३ सेकंद. धार लवकर फिकी पडली, चव आंबट आणि पातळ. इथे शिकाऊचा हात लगेच कॉलरकडे जातो. त्याला थांबवून तोच शॉट तसाच पुन्हा काढायला लावायचा. तिसरा शॉट २४ सेकंद. दोन्ही आकडे जवळचे आले, म्हणजे हात बरोबर आहे आणि दळणच जाड आहे. आता बदल करायला आधार मिळाला.

कॉलर बारीकच्या बाजूला एक छोटी खूण फिरवला जातो. कॉलरवरच्या खुणा आणि फिरवण्याची दिशा ग्राइंडरगणिक वेगळी असते, म्हणून शिकाऊला बाण दाखवून द्यावा लागतो. बारीक करताना मोटर चालू ठेवणे बहुतेक ग्राइंडरना मानवते. बंद असताना फिरवले तर दातेदार चकत्यांमध्ये दाणे चेपून अडकतात. मग पुन्हा पर्ज करायचे, कारण नळीत अजून जुन्या दळणाची कॉफी आहे. हे विसरले तर पुढचा शॉट निम्मा जुना आणि निम्मा नवा निघतो. शिकाऊला वाटते की बदलाचा पुरेसा परिणाम झाला नाही. तो आणखी बारीक करतो आणि त्यापुढच्या शॉटला यंत्र जवळजवळ तुंबते. दळण जुळवताना कॉफी सर्वांत जास्त वाया जाते ती या चुकीमुळे.

चौथ्या शॉटला काट्यावर डोस १७.४ ग्रॅम दिसला. हा बिघाड नाही. कॅफेचा ग्राइंडर सेकंद मोजून डोस सोडतो, आणि बारीक दळायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे तेवढ्याच सेकंदांत कमी कॉफी पडते. न मोजता पुढे गेले असते तर दळण बारीक होऊनही डोस घटला असता आणि एका बदलाचा परिणाम दुसऱ्याने खाऊन टाकला असता. म्हणून दळण बदलले की डोस पुन्हा मोजायचा आणि ग्राइंडरचा वेळ त्याप्रमाणे वाढवायचा, हा पक्का नियम. डोस १८ ग्रॅमवर आणल्यावर शॉटला ३३ सेकंद लागले. चव दाट, पण शेवटी तुरट. खूण थोडी जास्तच फिरली होती.

कॉलर निम्म्याने मागे आणून, पर्ज करून आणि डोस तपासून काढलेला पाचवा शॉट २९ सेकंदांचा निघाला. कालच्या नोंदीशी आकडा तंतोतंत जुळला. इथेच थांबण्याचा मोह होतो, पण चाखल्यावर गोडवा चांगला असूनही मागे किंचित कोरडेपणा राहिला. आता दळणाला हात लावायचा नाही. यील्ड ३८ वरून ३६ वर आणले, म्हणजे शेवटचे तुरट घोट कपात येण्याआधीच थांबले. सहावा शॉट ३६ ग्रॅमला २७ सेकंदांचा आणि स्वच्छ लागला. आकडा आणि जीभ यांचे पटले नाही तर जिभेचे ऐकायचे, पण आकडा नोंदवायचा, कारण उद्याच्या माणसाला जीभ पाठवता येत नाही. यानंतर एक कॅपुचिनो चाखून माप फळ्यावर लिहिले जाते: १८ ग्रॅम, ३६ ग्रॅम, २७ सेकंद, आणि कॉलर कोणत्या खुणेवर आहे ते.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदलली, हे शिकाऊच्या नजरेला आणून द्यावे लागते. दळण आणि यील्ड एकदम बदलले असते तर चव सुधारली ती कशाने, हे कळले नसते. सहा शॉटांत म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कॉफीत सकाळ जुळली. दहाच्या पुढे शॉट जाऊ लागले, तर दळणाचा पाठलाग थांबवून आधी हात, बास्केट, डोस आणि यंत्राचे तापमान तपासावे.

दिवस सरकतो तसे दळण सरकते

सकाळचे माप दिवसभर टिकत नाही, याची कारणे नव्या माणसाला एकेक करून दाखवता येतात. पहिले ग्राइंडरची उष्णता. गर्दीच्या वेळी चकत्या सतत फिरतात, तापतात आणि दाणेही गरम होतात. थंड दाणे गरम दाण्यांपेक्षा बारीक आणि एकसारखे दळले जातात, असे २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणून सकाळच्या गार ग्राइंडरवर जुळवलेले दळण गर्दीत बरेचदा जाड पडू लागते आणि शॉट जलद होतात. गर्दी ओसरून ग्राइंडर निवला की ते उलट फिरते.

दुसरे हवा. कॉफी हवेतला ओलावा सहज शोषते. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात सकाळी दारे उघडी असतात आणि अकराला एसी सुरू होतो, म्हणजे एकाच दिवसात कॉफी दोन वेगळ्या हवांतून जाते. ओलाव्याने शॉट मंदावेल की जलद होईल, याचे एकच सूत्र सांगता येत नाही. दाणे ओलसर झाले तर ते वेगळे फुटतात, आणि दळलेली कॉफी ओलसर झाली तर तिच्या गुठळ्या होतात, आणि दोन्हींचा परिणाम सारखा नसतो. म्हणून शिकाऊला दिशा पाठ करायला न लावता, हवा बदलली की शॉट तपासायला लावणे शहाणपणाचे.

तिसरे हॉपर. वेळेवर डोस सोडणाऱ्या ग्राइंडरमध्ये हॉपर भरलेला असताना दाण्यांच्या वजनाने चकत्यांकडे दाणे नीट ढकलले जातात. हॉपर तळाशी गेला की तेवढ्याच सेकंदांत डोस कमी पडतो आणि शॉट जलद होतो. इथे दळण बदलणे चूक आहे. डोस मोजून हॉपर भरला की प्रश्न सुटतो. म्हणून हॉपर निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, पण काही तासांत संपणार नाही इतकाही भरायचा नाही, कारण उघड्या हवेत दाणे शिळे होतात. चौथे कॉफीचे वय. एकाच पाकिटातली कॉफी दिवसागणिक वायू सोडत जाते आणि पाण्याला कमी अडवते, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी दळण जरा बारीक करावे लागते. नव्या तारखेचे पाकीट उघडले की ही घडी पुन्हा विस्कटते.

कारणे एवढी असल्यामुळे फक्त घड्याळाच्या ठरलेल्या तासांना तपासणी करणे पुरेसे होत नाही. रोज चालण्यासारखी पद्धत अशी की ग्राहकासाठी निघणाऱ्या प्रत्येक शॉटचा वेळ डोळ्यांखालून जाऊ द्यायचा. फळ्यावरच्या मापापासून दोन-तीन सेकंदांच्या आतला फरक सोडून द्यायचा. एखादाच शॉट पाच सेकंदांनी चुकला तर तो हाताचा दोष समजून पुन्हा काढायचा. लागोपाठ तीन शॉट एकाच बाजूला सरकले तर मात्र दळण सरकले आहे असे धरायचे. याखेरीज चार प्रसंगी चाखून तपासणी करायची: गर्दी सुरू होण्याआधी, गर्दी ओसरल्यावर, हॉपरमध्ये नवी कॉफी ओतल्यावर, आणि एसी सुरू होणे किंवा जोराचा पाऊस लागणे अशा हवेच्या बदलानंतर अर्ध्या तासाने.

त्याच पुण्याच्या कॅफेत साडेअकराला लागोपाठ २४, २४ आणि २३ सेकंदांचे शॉट निघाले. तपासणीचा क्रम नेहमी तोच: आधी डोस, मग पकची घडण, मग दळण. डोस मोजला तर १८.१ ग्रॅम, म्हणजे तो ठीक आहे. पक, म्हणजे वापरलेल्या कॉफीची चकती, बाहेर काढून पाहिली तर सगळीकडे सारखी, कुठे भोक नाही. तळ उघड्या पोर्टाफिल्टरमधून धारही मध्यभागीच पडते. मग दळणच राहिले. कॉलर सकाळच्या निम्म्याने बारीक केला, पर्ज केले, डोसचा वेळ थोडा वाढवला, आणि शॉट २७ सेकंदांवर आला. ही दुरुस्ती एका मिनिटात झाली, कारण काय बदलायचे ते आधीच ठरले होते. दुपारी चारला गर्दी संपल्यावर शॉट ३१ सेकंदांवर गेले. ग्राइंडर निवला होता. तेव्हा कॉलर पुन्हा मागे आणला गेला.

गर्दीत दळण कोणी बदलायचे, हेही शिकवण्यासारखे आहे. दोन बरिस्तांनी आपापल्या अंदाजाने कॉलर फिरवला तर एकाची दुरुस्ती दुसरा पुसून टाकतो. म्हणून पाळीत एकाच माणसाकडे ग्राइंडर असतो, आणि प्रत्येक बदल वेळ, आकडे आणि कारण यांसह फळ्यावर लिहिला जातो. शिकाऊला पहिल्या आठवड्यात बदल सुचवू द्यायचा, पण करण्याआधी कारण सांगायला लावायचे. ‘आंबट लागले’ एवढे पुरेसे नाही. ‘डोस बरोबर, पक सारखी, तीन शॉट चार सेकंदांनी जलद, म्हणून थोडे बारीक’ असे उत्तर आले की त्याच्या हाती कॉलर द्यायला हरकत नाही.

शेवटी दळणाच्या मर्यादाही त्याला माहीत असाव्यात. कॉलर कुठेही फिरवला तरी कडूपणा जात नसेल, तर आधी स्वच्छता पाहावी. ग्रुप हेडची जाळी आणि बास्केट कॉफीच्या तेलाने माखली की चवीत खवट कडूपणा येतो. तो रोज रात्री साफसफाईच्या पावडरीने बॅकफ्लश केल्याशिवाय जात नाही. ग्राइंडरच्या चकत्या बोथट झाल्या की दळणात चुरा आणि जाड तुकडे दोन्ही वाढतात, आणि मग आंबट आणि तुरट एकत्र येणारा कप कितीही जुळवला तरी सुधारत नाही. दगडाळ पाण्याने बॉयलर आणि वाहिन्यांत क्षार साचतात, त्यामुळे तापमान आणि प्रवाह दोन्ही बिघडतात. आणि कॉफीच जुनी, महिना-दोन महिने उघडी पडलेली असेल, तर शॉटची वेळ बरोबर येऊनही चव सपाट राहते. यांपैकी काही असेल तर दळण बदलत बसण्याऐवजी ते वरिष्ठाला सांगून नोंदवून ठेवणे, हेच त्या वेळी शिकाऊचे काम असते.